मांडीवरचं गळू: दाबल्यावर काय झालं आणि चीर का द्यावी लागली

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणारे ४२ वर्षांचे गृहस्थ मे महिन्यात एका संध्याकाळी माझ्याकडे आले. उजवा पाय जरा बाजूला टाकत चालत होते आणि खुर्चीवर बसायला तयार नव्हते. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. उजव्या मांडीच्या मागच्या, थोड्या बाहेरच्या बाजूला गळू झालं होतं. ओळख पटू नये म्हणून इथे काही बारीक तपशील बदलले आहेत. दुखण्याचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण हाच क्रम मला वारंवार दिसतो.

सुरुवात सहा दिवसांपूर्वी झाली होती. पँटची शिवण घासते त्या जागी, केसाच्या मुळाशी हरभऱ्याएवढी लाल, दुखरी गाठ आली. घरात सगळ्यांचं एकमत झालं की उष्णता वाढली, आंबे जरा जास्तच झाले. आंब्याचा यात दोष नाही. उन्हाळ्यात घाम येतो, जाड कपडा घासतो, केसाच्या मुळाजवळची त्वचा सोलवटते आणि तिथून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा हा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. तो कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात आणि काखेत मुक्कामाला असतो आणि एरवी काही त्रास देत नाही. आंब्याचा आणि गळवांचा हंगाम एकच, म्हणून दोघांची सांगड घातली जाते.

तिसऱ्या दिवशी गाठ लिंबाएवढी झाली आणि वर पिवळसर ठिपका दिसायला लागला. रात्री आंघोळीच्या वेळी त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी ती जोर लावून दाबली. थोडं रक्त आलं, थोडं पाण्यासारखं आलं आणि पुवाचा एक थेंब. "दाबल्यावर इतकं हलकं वाटलं डॉक्टर, मला वाटलं सुटलो," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी लगेच म्हणाल्या, "मी सांगत होते यांना, हात लावू नका म्हणून."

दाबल्यावर हलकं वाटतं हे खरं आहे आणि फसगत तिथेच होते. गळू कसं तयार होतं ते पाहिलं की याचं कारण कळतं. जंतू आत शिरल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जागी धाव घेतात. काही पेशी जंतूंना मारतात, काही स्वतः मरतात, आजूबाजूची चरबी आणि त्वचेच्या आतला भाग विरघळतो, आणि या सगळ्याचा मिळून पू होतो. त्याच वेळी शरीर पुवाभोवती फायब्रिनचं आणि जिवंत पेशींचं कुंपण घालतं. जंतूंना एका जागी कोंडून ठेवणं हा त्या कुंपणाचा उद्देश. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते पातळ आणि अर्धवट असतं, आणि माणसाला दाबायचा मोह नेमका तेव्हाच होतो.

ट्यूबचं टोपण न काढता ती जोरात पिळली तर पेस्ट कुठूनतरी शिवण उसवून बाहेर पडते. इथेही तसंच. वरची कातडी जाड आणि चिवट, खालची चरबी मऊ. अंगठ्यांचा जोर कातडीला फोडण्याआधी आतलं कुंपण फोडतो. वर एक थेंब दिसतो, पण त्याच्या कितीतरी पट पू खालच्या आणि बाजूच्या चरबीत ढकलला जातो. एका जागी कोंडलेला दाब मोठ्या जागेत पसरला म्हणून तास-दोन तास ठणका कमी होतो. मग नव्या जागेत जंतू वाढायला लागतात. या गृहस्थांचंही तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी तळहाताएवढ्या भागात लाल आणि कडक झाली होती. रात्री थंडी वाजून ताप आला.

चौथ्या दिवशी त्यांनी मेडिकलमधून स्वतःच मागून एक अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळी आणली. दुखणं तीन-चार तास दबायचं आणि पुन्हा उसळायचं. मोठ्या भावाने सेफ्टी पिन गॅसवर तापवून टोचायचा सल्ला दिला होता. त्यांनी तो ऐकला नाही हे फार बरं झालं. पिनेचं छिद्र इतकं बारीक असतं की दाट पू त्यातून वाहत नाही आणि तासाभरात ते बुजतं. आत नवा जंतू नेण्याची सोय तेवढी होते.

तपासताना ताप १०१.४ फॅरनहाइट होता, नाडी मिनिटाला १०४, रक्तदाब ठीक. माणूस शुद्धीत, नीट बोलणारा. लाली साधारण ११ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. बोटाच्या पाठीने स्पर्श केला तर तिथली त्वचा बाजूच्या त्वचेपेक्षा गरम लागत होती. मधला भाग ताणलेला, चकचकीत, आणि अगदी मध्यावर कातडी पातळ होऊन जांभळट झालेली. जांघेत अवधाण आलं होतं, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथी सुजून दुखत होत्या. मांडीवरून जांघेकडे जाणारी लाल रेघ मात्र नव्हती. ती दिसली तर संसर्ग लसिकावाहिन्यांतून वर चढतोय असं समजायचं.

आता मुख्य प्रश्न: आत पू साचला आहे का, की नुसतीच कडक सूज आहे? सगळा निर्णय यावर उभा असतो. नुसती सूज असेल, म्हणजे जंतू पसरले आहेत पण पोकळी तयार झालेली नाही, तर चीर देऊन हाती रक्ताशिवाय काही लागत नाही, उलट जखम वाढते. तिथे औषध आणि शेक हाच उपाय. पण पुवाची पोकळी झाली असेल तर तो बाहेर काढल्याशिवाय भागत नाही. ओळखण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे. गाठीच्या दोन बाजूंना एकेक बोट हलकं टेकवायचं आणि मध्ये तिसऱ्या बोटाने दाबायचं. आत द्रव असेल तर बाजूची बोटं किंचित उचलली जातात. हे आधी उभ्या दिशेत आणि मग आडव्या दिशेत करायचं, कारण मांडीचा मोठा स्नायूसुद्धा एका दिशेत असा भास देतो. पू असेल तर दोन्ही दिशांत तेच जाणवतं. त्यांच्या बाबतीत मध्यावर ते स्पष्ट जाणवत होतं, पण कडेला सूज इतकी कडक होती की पोकळी कुठवर गेली आहे ते बोटांना कळेना. म्हणून सोनोग्राफी केली. साधारण ४ बाय ३ सेंटिमीटरची, २ सेंटिमीटर खोल पोकळी दिसली, आणि तिला चिकटून खालच्या बाजूला एक लहान कप्पा. हा कप्पा दाबण्यामुळेच झाला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दाबलेल्या गळवांत असे कप्पे मला अधिक आढळतात.

त्याच वेळी बोटाच्या टोकावरून साखर तपासली. २८६ आली. त्यांना मधुमेह असल्याचं कधीच कुणी सांगितलं नव्हतं. तीव्र संसर्गात शरीरावर ताण येऊन साखर तात्पुरती वाढू शकते, त्यामुळे एका आकड्यावर शिक्का मारता येत नाही. म्हणून एचबीए१सी पाठवलं. ते गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, चार दिवसांच्या तापाने फारसं हलत नाही. ते ९.४ टक्के आलं. म्हणजे मधुमेह आधीपासून होता, गळवाने तो उजेडात आणला. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत उशिरा पोहोचतात आणि त्यांना मारण्यात कमी पडतात. त्यामुळे मोठं गळू, वारंवार येणारी गळवं किंवा मानेवर, पाठीवर अनेक तोंडांची काळपुळी घेऊन आलेल्या माणसाची साखर मी न तपासता सोडत नाही.

"गोळ्यांनी नाही का जिरणार?" पत्नींनी विचारलं. रास्त प्रश्न होता. अँटिबायोटिक रक्तातून पोहोचतं आणि पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्याच नसतात. जे थोडं झिरपतं ते आतल्या आम्लामुळे आणि मेलेल्या पेशींच्या गाळामुळे निष्प्रभ होतं. त्यातून आतले जंतू इतके दाटीने बसलेले असतात की त्यांची वाढ मंदावलेली असते, आणि बरीच औषधं वाढणाऱ्या जंतूंवरच नीट चालतात. २०१६ मध्ये अमेरिकेत बाराशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. सगळ्यांचं गळू चीर देऊन रिकामं केलं. मग निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. औषधवाल्यांत सुमारे ८० टक्के बरे झाले, बिनऔषधवाल्यांत सुमारे ७४ टक्के. औषधाचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण मुख्य काम चिरेने केलं होतं.

ताप, पसरलेली लाली आणि साखर, तिन्ही असल्यामुळे या गृहस्थांना चीर आणि अँटिबायोटिक दोन्हींची गरज होती. त्याच संध्याकाळी छोट्या ऑपरेशन खोलीत काम केलं. सुरुवातीला पेनाने लालीच्या कडेने रेघ मारली. ही रेघ पुढचे दोन दिवस फार उपयोगी पडते. ती न मारता "काल यापेक्षा जास्त होती का?" या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देऊ शकत नाही.

सुजलेल्या भागात भुलीचं औषध नीट चढत नाही, कारण तिथला आम्लपणा त्याला निकामी करतो. म्हणून थेट गळवात सुई न घालता चहूबाजूंनी, जरा लांबच्या निरोगी त्वचेत वर्तुळासारखं औषध भरलं आणि पाच मिनिटं थांबलो. "थोडं दाबल्यासारखं वाटेल, टोचल्यासारखं वाटलं तर सांगा," असं त्यांना आधीच सांगितलं होतं. मग सर्वात मऊ जागी, त्वचेच्या नैसर्गिक रेषांना समांतर, अडीच सेंटिमीटरची चीर दिली. पिवळट, दाट, थोडा रक्तमिश्रित पू बाहेर आला, अंदाजे १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे. पहिल्या पुवाचा नमुना तपासणीला पाठवला. त्यानंतर बोथट चिमटा आत नेऊन हलकेच उघडला, तेव्हा खालच्या कप्प्याचा पडदा फुटल्याचं जाणवलं आणि उरलेला पू वाहिला. हा कप्पा राहिला असता तर वरची जखम भरल्यावर आठवड्याभरात खालून पुन्हा गळू उभं राहिलं असतं. पोकळी सलाइनने धुतली, गॉजची एक सैल वात आत सोडली आणि वरून ड्रेसिंग केलं.

टाके घातले नाहीत. बऱ्याच जणांना ते विचित्र वाटतं. पण तोंड बंद केलं तर पू पुन्हा साचतो. जखम तळापासून वर भरत यायला हवी आणि तोपर्यंत तोंड उघडं राहायला हवं. वात एका दिवसापुरती होती. जुन्या पद्धतीत पोकळी गॉजने ठासून भरत आणि रोज ओढून काढत, त्या वेदना आठवून लोक आजही चिरेला घाबरतात. लहान गळवात अशा भरण्याने जखम लवकर भरते असं दिसून आलेलं नाही, त्रास मात्र वाढतो.

भूल उतरल्यावर दुखेल याची त्यांना धास्ती होती. रात्री त्यांनी वेदनाशामकाची एकच गोळी घेतली आणि पहिल्यांदा शांत झोपले. गळवाचा ठणका आतल्या दाबामुळे असतो, तो दाबच निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी ताप ९९ वर आला आणि लाली पेनाच्या रेघेपासून सगळीकडून आत सरकली होती. पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर जराशी गेली तरी घाबरायचं कारण नसतं, ताप आणि दुखणं कमी होतंय का तेही सोबत पाहायचं.

नमुन्याचा अहवाल आला तो एमआरएसएचा, म्हणजे स्टॅफिलोकॉकसचा तो प्रकार ज्यावर नेहमीची बरीच अँटिबायोटिकं चालत नाहीत. मेडिकलमधून आणलेलं औषध त्यावर लागू पडणारं नव्हतं. अहवाल येईपर्यंत आमचंही औषध अंदाजानेच सुरू होतं, ते अहवाल पाहून बदललं. नमुना पाठवला नसता तर हे कळायला मार्ग नव्हता. कुठलं अँटिबायोटिक ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या गळवाचा जंतू हाच असेल असं नाही.

तिसऱ्या ड्रेसिंगच्या वेळी त्यांच्या पत्नींनी कॉलेजला जाणाऱ्या मुलीची गोष्ट काढली. तिला नाकाच्या कडेला आणि वरच्या ओठावर फोड येतात आणि ती आरशासमोर नखांनी फोडते. ही गोष्ट मला मांडीच्या गळवापेक्षा महत्त्वाची वाटली. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणी भागातलं रक्त चेहऱ्याच्या शिरेतून खाली मानेकडे जातं, पण त्या शिरेची जोडणी डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसपर्यंतही आहे. इथला फोड दाबला तर जंतू त्या वाटेने जाऊन तिथे रक्ताची गाठ धरू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर दृष्टी आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. साध्या पुटकुळीने दरवेळी असं होत नाही. पण या भागातला ठणकणारा, सुजलेला फोड दाबायचा नाही, टोचायचा नाही. आणि त्यासोबत ताप, जोराची डोकेदुखी, पापणी सुजणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं किंवा एकाचे दोन दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र न घालवता मोठ्या रुग्णालयात जायचं.

शेकाबद्दल त्यांनी विचारलं, कारण सासूबाई भाजलेला कांदा बांधायला सांगत होत्या. गरम शेकाने त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो आणि लहान फोड आपोआप फुटायला किंवा जिरायला मदत होते, तेव्हा त्या सांगण्यात तथ्य आहे. फक्त मी कांद्याऐवजी कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं सांगतो, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कांदा किंवा कणकेचं पोटीस किती तापलंय ते कळत नाही, आणि मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असेल तर भाजून फोड येतो. फोड आपोआप फुटला तर पू स्वच्छ गॉजने टिपायचा, उरलेला पिळायचा नाही.

शेकाने दोन-तीन दिवसांत उतार नसेल, गाठ मधून मऊ लागत असेल, ताप असेल, लाली वाढत असेल किंवा मधुमेह असेल, तर दाखवायलाच हवं. काही जागांना तर दोन-तीन दिवसही थांबायचं नाही. गुदद्वाराजवळचं गळू वरून लहान दिसतं आणि आत खोल असतं, नीट रिकामं केलं नाही तर भगंदर होऊ शकतं. स्तनावर, हाताच्या तळव्यावर, मानेवर किंवा लहान बाळाला झालेलं गळूही तसंच. जांघेत किंवा गुडघ्यामागे गाठ असेल तर चीर देण्याआधी ती नाडीबरोबर उसळते का हे आम्ही पाहतोच, कारण ती फुगलेली रोहिणी निघाली तर चीर जिवावर बेतते. आणि गाठ मोठी असूनही गरम नाही, लाल नाही, फारशी दुखत नाही, महिन्याभरात हळूहळू वाढली, तर ती क्षयाची असू शकते. अशी गाठ उघडी चिरून सोडली तर जखम महिनोन्महिने वाहत राहते, म्हणून आधी सुईने पू काढून तपासतात.

सर्वात तातडीचं लक्षण वेगळंच आहे. दिसण्याच्या मानाने दुखणं फार जास्त, त्वचा निळी-काळी पडू लागलेली, दाबल्यावर आत कुरकुर आवाज, तासागणिक वाढणारी लाली, किंवा माणूस गळून गेलेला, गोंधळल्यासारखं बोलणारा. अशा वेळी दवाखाने फिरत बसायचं नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

या गृहस्थांची जखम तीन आठवड्यांत तळापासून भरून आली. साखरेची औषधं सुरू झाली, तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.२ होतं. टॉवेल आणि रेझर घरात प्रत्येकाचा वेगळा करायला सांगितला, कामाच्या पँटी रोज धुवायला सांगितल्या. सप्टेंबरमध्ये डाव्या काखेत पुन्हा मटाराएवढी गाठ आली तेव्हा ते पहिल्याच दिवशी आले. आत पू नव्हता, साखर आटोक्यात होती. शेक सांगून परत पाठवलं, आणि पुन्हा गळू आलं तर नाकातला नमुना घेऊन जंतू तिथे ठाण मांडून आहे का ते पाहायचं ठरवलं. ती गाठ चार दिवसांत जिरली.